बारा तारखेचं वाक्य

गोव्यात कांदोळीच्या एका चाळीस खोल्यांच्या हॉटेलला आम्ही नवं बुकिंग सॉफ्टवेअर बसवून देणार होतो. करारातली तारीख होती २५ सप्टेंबर २०२५. ऑक्टोबरात चार्टर विमानं यायला लागतात, सीझन सुरू होतो, आणि मग रिसेप्शनवर कुणाला नवीन काही शिकायला फुरसत उरत नाही, म्हणून हॉटेलने ही तारीख मागून घेतली होती. ती चुकली. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रकल्पप्रमुखाने हॉटेलमालकांना माफीचं पत्र लिहिलं आणि सरांनी ते माझ्याकडे तपासायला पाठवलं. पर्वरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत हिशेब, करार आणि बाहेर जाणारे कागद मी बघते. सॉफ्टवेअर लिहिणं माझं काम नाही, त्यामुळे प्रकल्प कुठे आणि का अडला हे मला निव्वळ पत्र वाचून कळायला हवं होतं. ते कळलं नाही.

पत्र इंग्रजीत होतं, इथे मी वाक्यं मराठीत देते. सुरुवात अशी: ‘काही अनपेक्षित तांत्रिक अडचणी, जीएसटी दरांतील अचानक बदल, गणेशचवथीच्या काळातील रजा आणि आपल्याकडून मिळणाऱ्या माहितीला लागलेला वेळ यांमुळे प्रकल्पास थोडा विलंब झाला आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ पुढे, ‘आम्ही आमच्या अंतर्गत प्रक्रिया अधिक बळकट करत आहोत, दोन जादा इंजिनिअर लावत आहोत, आणि १० ऑक्टोबरपर्यंत काम पूर्ण करण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करू.’ शेवटी सदिच्छा म्हणून पुढच्या कामावर दहा टक्के सूट.

वाचायला बरं वाटतं. भाषेत हात घालायच्या आधी मी प्रत्येक कारणापुढे तारीख लिहायला घेतली. हे कारण कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि त्याने काम किती दिवस थांबलं? त्यासाठी ईमेल, व्हॉट्सॅपचा ग्रुप आणि कामाची नोंदवही उघडून बसले. पत्र तपासण्याचं निम्मं काम पत्राच्या बाहेरच असतं.

सगळ्यात भक्कम वाटणारं कारण जीएसटीचं होतं, कारण ते खरं होतं. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला दर बदलल्याचं जाहीर केलं आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोल्यांवरचा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, आणि त्या पाच टक्क्यांवर इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे हॉटेलने खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. हॉटेलच्या सॉफ्टवेअरला हा बदल करावाच लागणार होता. पण आमच्या नोंदवहीत या कामापुढे फक्त दोन दिवस लिहिलेले होते. कराचा दर तक्त्यात ‘कोणत्या तारखेपासून’ या रकान्यासह ठेवलेला असतो. नवी ओळ टाकायची, आणि दर बदलायच्या आधी बिल निघून पैसेही आलेल्या बुकिंगांना नवा दर लागत नाही ना एवढं तपासायचं. शिवाय हॉटेलच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही हाच बदल २२ तारखेच्या सकाळी झालेला होता. रिसेप्शनवरची मुलगी नव्या दराने बिलं काढत असताना तिच्या मालकांना आम्ही कळवणार होतो, की या बदलामुळे आम्ही अडलो. खरी घटना खोटं कारण म्हणून वापरली की अशी पकडली जाते.

चवथीचं कारण तर मी लगेच खोडलं. २७ ऑगस्टला चवथ आहे हे करार जूनमध्ये झाला तेव्हा कॅलेंडरवर छापलेलं होतं. गोव्यात राहून, गोव्यातल्या गिऱ्हाइकाला, चवथीत माणसं गावी गेली असं कारण द्यायचं म्हणजे वेळापत्रक करताना आपण कॅलेंडर उघडलं नव्हतं असं सांगणं.

‘आपल्याकडून मिळणाऱ्या माहितीला लागलेला वेळ’ या वाक्याने मात्र मला राग आला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त खोलीचा नंबर असे, नव्यात खोलीचा प्रकार लागतो. या हॉटेलात समुद्राकडच्या काही खोल्या सीझनमध्ये ‘सी व्ह्यू’ म्हणून विकतात आणि पावसाळ्यात साध्या ‘डिलक्स’ म्हणून. कोणता नंबर कधी कोणत्या नावाने विकायचा याचा तक्ता हॉटेलकडूनच मिळणार होता. आम्ही तो १३ ऑगस्टला मागितला आणि मॅनेजरबाईंनी १६ ऑगस्टला पाठवला. तीन दिवसांत. तो आमच्याकडे ८ सप्टेंबरपर्यंत कुणी उघडला नाही, कारण डेटा हलवायचं काम एकाच मुलाला येत होतं. तो आधी दुसऱ्या प्रकल्पात होता आणि नंतर गावी गेला.

म्हणजे चारांपैकी तीन कारणं गेली. उरलं ‘काही अनपेक्षित तांत्रिक अडचणी’. मी प्रकल्पप्रमुखाला विचारलं, “अडचण म्हणजे नेमकं काय झालं? मला हिशेबासारखं सांग.”

तो म्हणाला, “ताई, १२ तारखेला पहिली ट्रायल घेतली. पुढच्या महिन्यांच्या ३१२ बुकिंगा जुन्यातून नव्यात आणल्या. २३ बुकिंगा चुकीच्या खोलीप्रकारात पडल्या.”

“मग?”

“तक्ता लावून १९ ला दुसरी ट्रायल घेतली. खोल्या जुळल्या. पण ज्यांनी तारखा बदलल्या होत्या त्यांची आगाऊ रक्कम दोनदा धरली जात होती. एकूण जुळेना.”

हे ऐकून मला जरा हायसं वाटलं, कारण आता पत्राला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. अशा अवस्थेत सॉफ्टवेअर सुरू केलं असतं तर डिसेंबरात कुणीतरी समुद्र बघायला पैसे भरून येतं आणि त्याला मागच्या बाजूची खोली मिळते. तारीख पुढे ढकलणं बरोबरच होतं. पण मी पुढचा प्रश्न विचारला, “२५ ला होणार नाही हे तुला कधी कळलं?”

तो थोडा थांबला. “अंदाज १२ लाच आला होता.”

“हॉटेलला कधी सांगितलंस?”

“२४ ला संध्याकाळी. फोनवर.”

पत्राच्या मसुद्यात या बारा दिवसांचा मागमूस नव्हता. माझ्या मते गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो इथेच. उशीर झाला हे हॉटेलला दिसतच होतं. त्यांना न दिसणारी गोष्ट ही, की आम्हाला माहीत असून आम्ही बोललो नव्हतो. आणि ती फार काळ लपतही नाही. आमचा ट्रायलचा अहवाल त्यांना कधीतरी मिळणारच होता, त्यावर १२ सप्टेंबर छापलेलं होतं.

त्या बारा दिवसांत हॉटेलचं काय झालं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ हे शब्द लोक लिहितात ते बहुतेकदा गैरसोय विचारलेलीच नसते म्हणून. मी मॅनेजरबाईंना फोन केला आणि म्हटलं, “मॅडम, पत्र पाठवतोय, पण त्याआधी तुम्हाला प्रत्यक्षात काय काय सोसावं लागलं ते मला कळू दे.” त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स ३० सप्टेंबरला संपत होतं. नवं येणार म्हणून त्यांनी ते रिन्यू केलं नव्हतं, आता काही आठवड्यांसाठी अख्ख्या वर्षाचे बावीस हजार भरावे लागणार होते. दुसरं, २२ ते २४ या तीन दिवसांत त्यांनी रात्रपाळीच्या लोकांना दुपारी प्रशिक्षणाला बसवलं होतं, झोप मोडून. “मला १५ तारखेला सांगितलं असतं ना, तर मी एवढं केलंच नसतं,” त्या म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यामुळे ते जास्त लागलं.

आता पत्राचा पहिला परिच्छेद नव्याने लिहिला. ‘२५ सप्टेंबरला सॉफ्टवेअर सुरू करून देण्याचं आम्ही मान्य केलं होतं; ते झालं नाही. खोलीप्रकारांचा तक्ता आपण १६ ऑगस्टला वेळेवर दिला होता. आमच्याकडे हे काम एकाच व्यक्तीवर अवलंबून असल्याने ते ८ सप्टेंबरला सुरू झालं. १२ सप्टेंबरच्या ट्रायलमध्ये ३१२ पैकी २३ बुकिंगा चुकीच्या खोलीप्रकारात गेल्या, आणि २५ तारीख पाळता येणार नाही याचा अंदाज आम्हाला त्याच दिवशी आला. आपल्याला मात्र आम्ही २४ तारखेला सांगितलं. या बारा दिवसांत आपण लायसन्सचा आणि प्रशिक्षणाचा निर्णय चुकीच्या माहितीवर घेतलात, त्याला आम्ही जबाबदार आहोत. याबद्दल आम्ही आपली आणि आपल्या रिसेप्शनच्या सहकाऱ्यांची माफी मागतो.’

सरांनी वाचलं आणि पेन ठेवलं. “बारा तारखेचं वाक्य कशाला? त्यांनी विचारलंय का?”

मी म्हटलं, “विचारल्यावर सांगितलं तर तो कबुलीजबाब होतो.”

ते पटलं असं नाही. त्यांनी पत्र म्हापशाच्या वकिलांकडे पाठवलं. मला वाटलं होतं वकील सगळंच उडवतील. त्यांनी दोनच ठिकाणी बोट ठेवलं. एका मसुद्यात आम्ही ‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं होतं, ते काढायला सांगितलं. घडलेलं तारखांसह लिहा, पण त्याला कायद्याचं लेबल आपण होऊन लावू नका, कारण तो निष्कर्ष कोर्टाने काढायचा असतो. हे मला योग्य वाटलं. ‘निष्काळजीपणा’ गेल्याने पत्राची धार कमी झाली नाही, कारण जबाबदारी त्या शब्दात नव्हतीच, ती तारखांत होती.

दुसरा मुद्दा ‘नव्या तारखेला मान्यता दिल्याने करारातले आपले हक्क कमी होत नाहीत’ या माझ्या ओळीचा होता. वकील म्हणाले, ही ओळ तुमच्या विरोधात जाते. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम ५५ प्रमाणे ज्या करारात वेळ हाच गाभा आहे तिथे वेळ चुकली तर गिऱ्हाईक करार रद्द करू शकतं. पण त्याने रद्द न करता उशिराचं काम स्वीकारलं, आणि स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणजे हॉटेलमालकांनी आमच्या पत्राला नुसतं ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलं असतं, तर त्यांचा हक्क नकळत गेला असता, अशी एक बाजू मांडता आली असती. कंपनीच्या दृष्टीने ते सोयीचं. मी सरांना एवढंच म्हटलं, की आपल्या करारात उशिराच्या प्रत्येक आठवड्याला एक टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के कपात लिहिलेली आहे. ती द्यायची आहे की लपवायची आहे? द्यायची असेल तर ओळ राहू दे. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि ओळ राहिली. वकिलांनी फक्त तिची भाषा आवळली.

पैशाचा भाग मग सोपा झाला. दहा टक्के सूट खोडली. ज्याचं हे काम अडलंय त्याला पुढचं काम विकायला निघणं म्हणजे माफीच्या पाकिटात जाहिरात घालणं. त्याऐवजी दोन आकडे लिहिले: सहा लाखांच्या करारावर तीन आठवड्यांचे तीन टक्के म्हणजे अठरा हजार, आणि लायसन्सचे बावीस हजार. दोन्ही शेवटच्या हप्त्यातून कमी घेऊ, मागणीची वाट बघणार नाही. रात्रपाळीच्या लोकांच्या मोडलेल्या झोपेची किंमत कशी करायची हे कुणालाच सुचलं नाही. मॅनेजरबाईंनीच सुचवलं की पुढचं प्रशिक्षण तुमच्या माणसाने पाळी संपते तेव्हा, सकाळी सातला येऊन द्यावं. ते पत्रात घातलं.

खरा कस लागला तो नव्या तारखेला. १० ऑक्टोबर कुठून आली असं विचारल्यावर प्रकल्पप्रमुख म्हणाला, “त्यांना त्यापुढची चालणार नाही असं वाटलं.” म्हणजे ती तारीख कामातून आली नव्हती, समोरच्याच्या चेहऱ्यावरून आली होती. दुसऱ्यांदा चुकलेल्या तारखेवर दुसरं पत्र कुणी वाचत नाही, म्हणून आम्ही दोघे बसलो आणि उरलेलं काम पुढे मोजत गेलो. आगाऊ रकमेची दुरुस्ती आणि तिसरी ट्रायल २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, मध्ये २ तारखेला दसऱ्याची सुट्टी. ४ आणि ६ ऑक्टोबरला हॉटेलच्या माणसांनी जुन्या-नव्या याद्या ताडून बघायच्या. ७ ते १३ दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवायची. १४ ला, मंगळवारी रात्री, जुनं बंद. शुक्रवार-शनिवारी हे कधी करू नये, हॉटेल भरलेलं असतं. वर दोन दिवस हातचे. तारीख आली १६ ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी बसत होती, पण जेमतेम.

दोन जादा इंजिनिअर मी काढून टाकले. प्रकल्पप्रमुखाला वाईट वाटलं, त्याला ती मदत खरंच हवी होती. पण नव्या माणसांना शिकवणार कोण? तोच एक मुलगा, ज्याच्यावर सगळं अडलेलं होतं. त्याऐवजी कारणाला भिडेल असा उपाय लिहिला: आधीपासून या प्रकल्पात असलेली दुसरी एक मुलगी तिसऱ्या ट्रायलला त्याच्या शेजारी बसेल आणि चौथी, शेवटची, ती एकटी चालवेल. तिला ती जमली तरच ‘एकाच व्यक्तीवर अवलंबून’ हे वाक्य खोटं ठरेल. ‘अंतर्गत प्रक्रिया बळकट’ करण्याचं काय झालं हे गिऱ्हाइकाला कधीच तपासता येत नाही, हे तपासता येतं.

‘सर्वतोपरी प्रयत्न’ गेला आणि त्याच्या जागी एक कसोटी आली. ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहाला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जितक्या पुढच्या बुकिंगा असतील तितक्याच नव्यात, त्याच खोलीप्रकारात, आणि आगाऊ रकमेची बेरीज पैशापैशाने तीच. ३१२ हा आकडा मुद्दाम लिहिला नाही. रोज नव्या बुकिंगा येतात, म्हणून वेळ गोठवायची, आकडा नाही. आणि त्याखाली सरांना सगळ्यात जड गेलेली ओळ: ‘६ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचपर्यंत हे जुळलं नाही, तर त्याच दिवशी कळवू. मग दिवाळीत बदल न करता २८ ऑक्टोबरला करू, आणि त्या जादा आठवड्यांचीही कपात लागू राहील.’ सर म्हणाले, “माफीच्या पत्रात पुन्हा उशीर होण्याची गोष्ट?” मी म्हटलं, त्याच दिवशी कळवणं, बारा तारखेला नेमकी हीच गोष्ट झाली नव्हती.

पत्र त्याच दिवशी गेलं, मालकांना, आणि प्रत मॅनेजरबाईंना, कारण सोसलं त्यांनी होतं. मालकांचं उत्तर दोन ओळींचं आलं: नवी तारीख मान्य, कपातीचा हक्क राखून. कलम ५५ त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं. मॅनेजरबाईंचा फोन आला. पैशांबद्दल, तारखांबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं. “६ तारखेला कळवू लिहिलंय. कोण कळवणार? मी कुणाचा फोन उचलायचा?” पत्रभर ‘आम्ही’ होतं. त्यांना प्रकल्पप्रमुखाचं नाव आणि नंबर, आणि १४ च्या रात्री हॉटेलवर हजर राहणाऱ्याचं नाव लेखी पाठवलं.

६ ऑक्टोबरला ३४१ पैकी ३४० बुकिंगा जुळल्या. उरलेली एक जुन्या सॉफ्टवेअरमध्येच दोनदा घातलेली निघाली. ती कोणती ठेवायची ते हॉटेलने ठरवलं, आणि प्रकल्पप्रमुखाने साडेचारला फोन करून तसं सांगितलं. १४ च्या रात्री जुनं बंद झालं. हातचे दोन दिवस एका प्रिंटरने खाल्ले, तो नव्या सॉफ्टवेअरमधून बिलं छापायला तयार नव्हता.

बारा तारखेचं वाक्य लिहायची गरज नव्हती, असं सर अजूनही म्हणतात. वकिलांचं म्हणणं आहे की यापुढे असं पत्र असेल तर माझ्या आधी त्यांच्याकडे यावं. आमचा यावर निकाल लागलेला नाही.